दप्तराचं अस्तर: पातळ भाजी, शाई आणि तांबडी माती एकाच दिवशी

पार्श्वभूमी

जुलैचा मधला आठवडा. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका गावातली एक आई शनिवारी सकाळी साखळी गावच्या बाजारातल्या माझ्या दुकानात आली. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं दप्तर होतं. मी शिलाईबरोबर बॅगांची दुरुस्तीही करते. चेन बदलणं, तुटलेले पट्टे शिवणं, फाटलं अस्तर जोडणं ही माझी रोजची कामं. तिला वाटत होतं की या दप्तराचं अस्तर आता बदलावंच लागेल.

दप्तर चौथीतल्या मुलाचं, दुसऱ्या वर्षाचं. बाहेरून जाड पॉलिस्टर आणि त्याच्या आतल्या बाजूला पाणी अडवणारा रबरासारखा पातळ लेप. आत करड्या रंगाचं तलम पॉलिस्टरचं अस्तर, पाठीच्या बाजूला फोमची गादी आणि तळाशी अस्तराखाली पुठ्ठा. बाजारात मिळणारी बहुतेक शाळेची दप्तरं थोड्याफार फरकाने अशीच असतात, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे. मुलाचं, गावाचं किंवा शाळेचं नाव देत नाही.

शुक्रवारी तीन गोष्टी एकदम घडल्या होत्या. मधल्या सुट्टीत पावसातच फुटबॉल झाला आणि चिखलाने भरलेले बूट फाटक्या पिशवीत घालून दप्तराच्या तळाशी गेले. डब्यात पांढऱ्या वाटाण्याची पातळ भाजी होती, ती अर्धी उरली होती. डबा चार कड्यांच्या झाकणाचा. झाकणातली रबराची रिंग धुताना काढली होती आणि परत बसवताना एका जागी पिळली गेली होती. बसमध्ये दप्तर आडवं पडलं आणि खोबऱ्याचा, हळदीचा, तेलाचा रस त्या फटीतून बाहेर आला. पुढच्या छोट्या कप्प्यात टोपण नसलेलं बॉलपेन आणि एक जेलपेन होतं. त्या दोघांनी कप्प्याच्या कोपऱ्यात आपापली शाई सोडली.

संध्याकाळी सातच्या सुमाराला आईला कळलं. तिने वह्या-पुस्तकं पंख्याखाली पसरली, आतून ओलं फडकं फिरवलं आणि भाजीच्या डागावर कपडे धुण्याची निळी साबणाची वडी घासली. डाग क्षणात पिवळ्याचा लालभडक झाला. तिला वाटलं अस्तराचा रंग उतरतोय. ती तिथेच थांबली, आणि हे थांबणं या प्रकरणात फार उपयोगी पडलं.

अडचण

अडचण तीन डागांची नव्हती. हे तीन डाग एकमेकांच्या विरुद्ध उपचार मागतात, ही खरी अडचण होती.

आपल्याकडची तांबडी माती म्हणजे चिऱ्याची माती. तिचा रंग लोहाच्या ऑक्साइडचा आणि कण अतिशय बारीक. ओली असताना घासली की ते कण धाग्यांच्या मधल्या फटींत जाऊन बसतात. म्हणून ती आधी पूर्ण वाळवून झटकायची असते. बॉलपेनची शाई तेलकट असते, पाण्याला ती दाद देत नाही. तिला स्पिरिट लागतं, आणि तेही कापड कोरडं असताना, कारण ओल्या कापडात स्पिरिट पातळ होऊन त्याची ताकद जाते. भाजीच्या डागात आधी तेल आणि त्याच्या मागे हळद. तेलाला भांडी घासायचं द्रावण आणि कोमट पाणी हवं. हळदीचा रंग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात आणि स्पिरिटमध्ये मात्र विरघळतो. साबणाच्या वडीसारख्या क्षारी गोष्टीशी गाठ पडली की तो लाल होतो. आईला दिसला तो लाल डाग एवढाच होता. अस्तराचा रंग जागेवरच होता. लिंबाच्या पाण्याचे दोन थेंब टाकून दाखवले तेव्हा लाल पुन्हा पिवळा झाला आणि तिचा जीव भांड्यात पडला.

म्हणजे माती आणि शाई दोघींना कोरडं कापड हवं, भाजीला पाणी हवं. क्रम चुकला असता तर एकाचा उपचार दुसऱ्याचा डाग पक्का करून गेला असता.

दुसरी अडचण वेळेची. सोमवारी सकाळी सातला मूल दप्तर पाठीला लावून बाहेर पडणार होतं. जुलैत गोव्यातली हवा इतकी दमट असते की सुती टॉवेलसुद्धा दोन दिवस ओलसर राहतो, आणि फोमची गादी पूर्ण भिजली तर ती तीन दिवसांतही वाळत नाही. आतून ओली राहिलेली गादी म्हणजे कुबट वास आणि पाठोपाठ बुरशी. डाग राहिला तर तो फक्त दिसतो. ओल राहिली तर दप्तर टाकूनच द्यावं लागतं. त्यामुळे मी पहिल्यापासून ठरवलं की गादी शक्य तितकी कोरडी ठेवायची, भले थोडा डाग राहो.

समोर असलेले पर्याय

आईच्या मनात पहिला विचार वॉशिंग मशीनचा होता. मी तिला बाहेरच्या कापडाच्या आतली बाजू दाखवली. शिवणीजवळ नखाने हलकेच खरवडल्यावर पांढरी पापुद्र्यासारखी भुकटी निघाली. तो पाणी अडवणारा लेप दमट हवेत हळूहळू स्वतःच मोडतो आणि मशीनच्या पिळण्याने मोठ्या तुकड्यांनी सुटतो. ते तुकडे मग अस्तराला चिकटतात आणि निघत नाहीत. शिवाय तळाचा पुठ्ठा पाण्यात लगदा होणार, आणि गादी भिजणार ती वेगळीच. नखाची ही परीक्षा कोणीही घरी करू शकतं. भुकटी निघाली तर मशीन विसरायचं.

धोबी किंवा लाँड्रीकडे द्यायचं तर सोमवारपर्यंत परत मिळण्याची खात्री नव्हती. अस्तर पूर्ण बदलणं मला जमलं असतं, पण त्यासाठी सगळी पाईपिंग उसवावी लागते आणि त्या मजुरीत थोडी भर घातली की नवं दप्तर येतं. माझं काम वाढावं म्हणून मी तो पर्याय पुढे केला नाही.

घरून निघताना सासूबाईंनी दोन गोष्टी सुचवल्या होत्या. एक म्हणजे ब्लीचचं पाणी, दुसरी म्हणजे परसातली बिंबलं ठेचून चोळणं. ब्लीच मी स्पष्ट नाकारलं. दप्तराच्या लेपाला आणि फोमला ते पिवळं आणि ठिसूळ करतं, मातीच्या लोहावर त्याचा काही परिणाम होत नाही, आणि त्याच दिवशी लिंबू, व्हिनेगर किंवा स्पिरिट वापरणार असू तर ते जवळपास असणंही धोक्याचं, कारण त्यांच्याशी मिसळल्यावर विषारी वायू निघतात. बिंबलांचा सल्ला मात्र अर्धा बरोबर होता. त्यांच्या रसात ऑक्झॅलिक आम्ल भरपूर असतं आणि कापडावरचा गंजाचा डाग त्याने खरंच निघतो. दप्तराच्या बकलाजवळ किंवा चेनच्या टोकाला गंजाचा ठिपका असता तर मीही तोच रस वापरला असता. पण इथे अस्तरात अडकले होते ते मातीचे कण. त्यांना विरघळवत बसण्यापेक्षा हलवून बाहेर काढणं सोपं असतं. आंबट म्हणून कोणी कोकमाचं आगळ वापरायला जाऊ नये, एवढं जाता जाता सांगते. त्याचा स्वतःचाच डाग पडतो.

उरला तो हाताने, टप्प्याटप्प्याने, कोरड्यापासून ओल्याकडे जाण्याचा पर्याय. तोच घेतला.

प्रत्यक्ष काय केलं

आधी माती

आदल्या रात्रीच्या फडक्यामुळे तळ अजून दमट होता, म्हणून पहिला तासभर काहीच केलं नाही. सगळ्या चेन उघडल्या, अस्तर पिशवी उलटवावी तसं जमेल तितकं बाहेर ओढलं आणि दप्तर पंख्याखाली ठेवलं. आईला हा वेळ वाया जातोय असं वाटत होतं. पण माती बोटाला न चिकटता चुरगळायला लागली की मगच तिला हात लावायचा.

मग दुकानामागच्या पडवीत दप्तर उलटं धरून थोपटलं. बरीच माती अशीच गळून पडली. उरलेली जुन्या, मऊ दातांच्या टूथब्रशने एकाच दिशेने झाडली. गोल गोल घासलं तर कण पुन्हा धाग्यात शिरतात. पाईपिंगच्या कडेला, जिथे अस्तर आणि बाहेरचं कापड एकत्र शिवलेलं असतं, तिथे मातीची एक जाड रेघ बसली होती. तिथे ब्रश पोचत नाही. केरसुणीच्या हिराचं टोक बोथट करून त्या खाचेतून फिरवलं, तेव्हा चिमूटभर माती निघाली.

मग शाई, कापड अजून कोरडं असताना

कोणता डाग कोणत्या पेनाचा हे आधी ओळखावं लागलं, कारण दोन्ही शाया निळ्याच होत्या. कानात घालायच्या कापसाच्या काडीचं टोक स्पिरिटमध्ये बुडवून प्रत्येक डागाला नुसतं टेकवलं. एका ठिकाणी काडी लगेच जांभळी-निळी झाली. ती बॉलपेनची शाई. दुसऱ्या ठिकाणी काडीला जेमतेम छटा आली. ती जेलपेनची. जेलपेनमध्ये बहुधा विरघळलेल्या रंगाऐवजी रंगाचे न विरघळणारे बारीक कण असतात, आणि ते एकदा वाळले की स्पिरिटलाही फारसे ऐकत नाहीत. शाईच्या दौतीतल्या पेनाचा डाग असता तर त्याची परीक्षा साध्या पाण्याच्या थेंबाने झाली असती, कारण ती शाई पाण्यात पसरते.

स्पिरिट म्हणजे औषधाच्या दुकानात मिळणारं सर्जिकल स्पिरिट. पाण्यासारखं पातळ सॅनिटायझरही चालतं. जेलसारखा घट्ट सॅनिटायझर टाळावा, कारण त्यातला चिकटपणा अस्तरात राहतो आणि पुढे धूळ धरतो. नेलपॉलिश काढायचं द्रव तर मुळीच वापरू नये. त्यातलं ॲसिटोन काही प्रकारचे लेप आणि छापील चित्रं विरघळवतं. स्पिरिटसुद्धा आधी कप्प्याच्या आतल्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यात लावून दोन मिनिटं थांबून पाहिलं. अस्तराचा रंग कापसाला आला नाही आणि मागचा लेप चिकट झाला नाही, तेव्हाच पुढे गेले. ही सगळी कामं उघड्या पडवीत, स्वयंपाकाच्या शेगडीपासून लांब, कारण स्पिरिट पेट घेतं.

कप्प्याचं अस्तर बाहेर ओढून त्याच्या खाली पांढऱ्या सुती कापडाची चौपदरी घडी ठेवली. वरून स्पिरिटचा बोळा डागाच्या कडेपासून मध्याकडे टेकवत नेला. इथे घासायचं नसतं, नुसतं टेकवायचं आणि उचलायचं. शाई वरच्या बोळ्यात आणि खालच्या घडीत उतरते. बोळा निळा झाला की फेकायचा, घडी निळी झाली की सरकवायची. आईने पहिल्यांदा करून पाहिलं तेव्हा तिने तोच बोळा पुन्हा वापरला आणि डागाभोवती फिकट निळं वर्तुळ उमटलं. कोरड्या घडीवर, नव्या बोळ्याने कडेकडून आत येत ते वर्तुळ पुन्हा आवरलं. बॉलपेनच्या डागाला साधारण अर्धा तास लागला आणि शेवटी फिकट सावली उरली. जेलपेनचे मोहरीएवढे चार-पाच ठिपके मात्र तसेच राहिले.

इथे एक निर्णय घ्यावा लागला. जेलच्या ठिपक्यांवर जोराने ब्रश मारला असता तर ते आणखी फिके झाले असते, पण तलम अस्तराचे धागे सुटले असते आणि पुढच्या पेनाचं टोक तिथून थेट आरपार गेलं असतं. मी ठिपके सोडून दिले.

तळाखाली काय आहे

भाजीकडे वळण्याआधी एक परीक्षा केली. कोरड्या पांढऱ्या कागदी रुमालाची घडी तळाच्या अस्तरावर ठेवून तळहाताने अर्धा मिनिट जोराने दाबली. वरून अस्तर जवळपास कोरडं वाटत होतं, तरी रुमालावर पिवळं, तेलकट वर्तुळ उमटलं. याचा अर्थ रस टाक्यांच्या भोकांमधून खाली पुठ्ठ्यापर्यंत गेला होता.

माझ्या मते या प्रकरणात सगळ्यांत महत्त्वाचा निर्णय इथे होता. वरून कितीही धुतलं असतं तरी पुठ्ठ्यात मुरलेला नारळाचा रस आतच आंबला असता. दप्तर धुतल्यावर दोन दिवस छान वाटतं आणि मग उघडताच आंबूस वास येतो, अशी तक्रार घेऊन लोक माझ्याकडे येतात, तेव्हा कारण बहुतेक वेळा हेच असतं.

तळाच्या अस्तराची आतली शिवण रिपरने साधारण बारा सेंटीमीटर उसवली. पुठ्ठा बाहेर काढला. एका कोपऱ्यात तो मऊ पडला होता आणि पिवळा झाला होता. तो टाकून दिला. त्याच्या खालच्या बाहेरच्या कापडावरचा लेप मात्र तळाशी शाबूत होता, म्हणून रस तिथेच अडला होता आणि पाठीच्या गादीपर्यंत पोचला नव्हता. गादीच्या खालच्या कडेला पुन्हा रुमाल दाबून ही खात्री केली. रुमालावर काही उमटलं असतं तर मला गादीही सोडवून वेगळी धुवावी लागली असती आणि सोमवारचा हिशेब कोलमडला असता.

भाजी: आधी तेल, मग पिवळेपणा

अर्ध्या बादली पाण्यात भांडी घासायच्या जेलचा एक चमचा. पाणी हाताला जेमतेम कोमट. उकळतं पाणी इथे दोन कारणांनी नको. खोबऱ्यातली आणि वाटाण्यातली प्रथिनं गरम पाण्याने शिजून कापडाला चिकटतात, आणि पॉलिस्टरचा धागा गरम झाला की पिवळा रंग आत ओढून घेतो.

उसवलेल्या जागेतून हात घालून अस्तर खालून वर ढकललं, म्हणजे डागाचा भाग हातात येईल आणि बाकी दप्तर कोरडं राहील. त्यावर आधी थोडं जेल थेट लावून दहा मिनिटं ठेवलं, मग बादलीतल्या पाण्याने ओलं केलेल्या स्पंजने दाबून दाबून काढलं. स्पंज दुसऱ्या बादलीत पिळायचा, त्याच बादलीत नाही. तिसऱ्या वेळेला स्पंजवर तेलाचा तवंग दिसेनासा झाला. अंगठा आणि बोटामध्ये अस्तर चोळून पाहिलं तर ते निसरडं लागेना. तेल गेल्याची ही खूण डोळ्यांपेक्षा भरवशाची आहे.

वाहत्या पाण्याने जेल पूर्ण काढल्यावर लिंबाच्या पाण्याचा एक हात फिरवला, म्हणजे साबणाचा राहिलेला अंश मरेल आणि लाल छटा परत येणार नाही. मग स्पिरिटचा बोळा. हळदीचा रंग त्यात विरघळतो म्हणून बोळा स्वच्छ पिवळा झाला. इतका पिवळा, की आई म्हणाली, "ताई, आता सगळा निघेल." निघाला नाही. निम्म्याहून अधिक गेला आणि फिकट पिवळी छटा राहिली. तिच्यावर घासाघीस करायची नसते. हळदीचा रंग उजेडात मोडतो, म्हणून ते काम उन्हावर सोडायचं असतं. पावसाळ्यात ऊन कमी असतं, पण ढगांतून येणारा उजेडही सावकाश तेच काम करतो.

शेवटी अस्तराचा उरलेला भाग त्याच जेलच्या पाण्याने ओल्या स्पंजने पुसून, दोनदा स्वच्छ पाण्याच्या स्पंजने पुसला. दप्तर बादलीत कुठेच बुडवलं नाही. पट्टे आणि पाठ बाहेरून फक्त पुसली.

वाळवणं

दुपारी एकपर्यंत धुणं संपलं होतं. उरलेला दीड दिवस वाळवण्याचाच होता. सुती टॉवेल आत भरून बाहेरून दाबला, टॉवेल बदलला, पुन्हा दाबला. टॉवेलने शोषलेलं पाणी हवेने वाळवावं लागत नाही, म्हणून या दाबण्यात कंजुषी करू नये.

आईला आत वर्तमानपत्र कोंबायचं होतं. ओल्या फिकट अस्तरावर छपाईची शाई उतरते आणि आपण सकाळभर ज्याच्याशी झगडलो तेच पुन्हा करून बसतो, म्हणून जुन्या धोतराचे कोरडे तुकडे भरले. दोन तासांनी बदलले. हेअर ड्रायर आणि इस्त्री दोन्ही नको म्हटलं, कारण उरलेला पिवळेपणा उष्णतेने पक्का झाला असता आणि सुटू पाहणारा लेप आणखी सुटला असता.

घरी नेल्यावर दप्तर कसं टांगायचं तेही दाखवलं. तळ वर, तोंड खाली, सगळ्या चेन उघड्या, अस्तर बाहेर ओढलेलं, आणि उसवलेली जागा उघडी राहावी म्हणून तिच्यात लाकडी चिमटा आडवा अडकवलेला. पंखा अंगावर, रात्रभर. खिडक्या पाऊस पडत असताना बंद, कारण बाहेरची हवा खोलीतल्या हवेपेक्षा जास्त ओली असते. चुलीवर किंवा गॅसच्या वर टांगू नये, धुराचा आणि फोडणीचा वास कापड धरून ठेवतं.

रविवारी संध्याकाळी ती परत आली. अस्तर गालाला लावून पाहिलं. ओलं कापड गालाला थंड लागतं, हाताच्या बोटांना ते कळत नाही. पाईपिंगच्या खाचेत कागदी रुमालाचं टोक दाबून पाहिलं, ते कोरडं निघालं. जुन्या पुठ्ठ्याच्या जागी जुन्या जाड प्लॅस्टिक फायलीचं कव्हर त्याच मापाने कापून घातलं, कोपरे गोल केले म्हणजे ते अस्तराला भोसकणार नाहीत, आणि शिवण हातटीपेने बंद केली. मशीनने नाही, कारण हातटीप पुढच्या वेळी पाच मिनिटांत उसवता येते.

निकाल

सोमवारी मूल तेच दप्तर घेऊन शाळेत गेलं. माती जवळपास पूर्ण गेली. पाईपिंगच्या धाग्यात फक्त नारिंगीसर छटा राहिली, कारण तो धागा सुती आहे आणि सुती धागा बारीक माती घट्ट धरतो. बॉलपेनची फिकट सावली आणि जेलचे ठिपके आहेत, कप्पा उघडून पाहिल्याशिवाय दिसत नाहीत. भाजीचा पिवळेपणा त्या सोमवारी स्पष्ट दिसत होता. आईने सुट्टीच्या दिवशी अस्तर बाहेर ओढून खिडकीत ठेवायचं चालू ठेवलं आणि गणेशचतुर्थीच्या सुट्टीत ती दुकानात आली तेव्हा डाग कुठे होता हे मला शोधावं लागलं. बाहेरची बाजू तिने उन्हात ठेवली नाही, सावलीकडे वळवली, कारण सततच्या कडक उन्हाने बाहेरचा रंग उतरतो आणि लेप लवकर म्हातारा होतो.

वास आला नाही. मला याचंच सर्वांत जास्त समाधान आहे, आणि त्याचं श्रेय तळ उघडण्याला आहे. धुण्याला ते देता येणार नाही.

काय वेगळं करता आलं असतं

शुक्रवारी रात्रीच्या पहिल्या अर्ध्या तासात बरंच वाचवता आलं असतं. आईने जे केलं ते कोणीही केलं असतं. पण ओल्या फडक्याने भाजीचा रस पसरला आणि मातीही ओली झाली. त्या वेळी चमच्याने रस खरवडून काढणं, कोरड्या कागदी रुमालाने दाबून तेल टिपणं आणि तळ वर करून टांगणं एवढंच पुरलं असतं. रस टाक्यांच्या भोकांतून खाली झिरपायला वेळ लागतो, आणि दप्तर आडवं किंवा उभं ठेवल्यावर तो तिकडेच जातो. बाकी काही न करता नुसतं उलटं टांगलं असतं तरी पुठ्ठा कदाचित वाचला असता. साबणाची वडी तर नकोच होती. लाल डाग कायमचा नसतो, पण तो पाहून घाबरलेला माणूस पुढे ब्लीचकडे जातो, आणि ब्लीचने झालेलं नुकसान भरून येत नाही.

माझ्या बाजूने विचार केला तर कागदी रुमालाची परीक्षा शाईच्या आधी करायला हरकत नव्हती. तळ उसवून पुठ्ठा तासभर आधी बाहेर आला असता आणि शाईचं काम चालू असताना तळाला वारा लागत राहिला असता. आता अशी दप्तरं आली की मी तेच करते. माती वाळत असतानाच तळ दाबून पाहते.

हा क्रम सगळ्या दप्तरांना लागू पडत नाही. अस्तर सुती असेल तर हळद जास्त घट्ट बसते, पण सुती कापड घासणं सोसतं. दप्तराला वेगळं अस्तरच नसेल आणि आतून थेट तो रबरी लेप असेल तर स्पिरिट अगदी थोडं आणि एखाद-दुसऱ्या वेळीच वापरावं, कारण लेप मऊ होऊन चिकट होऊ शकतो. आणि फोमच्या गादीवर काळे ठिपके दिसू लागले असतील, वास मातकट असेल, तर बुरशी आत पोचलेली असते. वरून पुसून ती जात नाही. गादी उसवून काढणं आणि नवा फोम घालणं हाच मार्ग राहतो, आणि तो खर्च नव्या दप्तराच्या जवळ जातो. अशा वेळी मी गिऱ्हाइकाला तसं सांगते.

डब्याबद्दल आईने दोन बदल केले. रिंग बसवल्यावर डब्यात पाणी भरून, झाकण लावून, सिंकमध्ये तो आडवा धरून पाहायचा. रिंग पिळलेली असेल तर थेंब लगेच दिसतो. आणि गरम भाजी थोडी निवल्याशिवाय झाकण लावायचं नाही, कारण आत कोंडलेली वाफ झाकण उचलू पाहते आणि रिंग जागची सरकते. पातळ भाजी मुलाला आवडते, ती बंद केली नाही. बुटांसाठी मी उरलेल्या रेनकोटच्या कापडाची दोरीची पिशवी शिवून दिली, जी दप्तराच्या आत न जाता बाहेरच्या कड्याला लटकते.